रिंग बसवल्यावर गळती सुरू झाली: आता शस्त्रक्रिया करावी का?

*डॉक्टरबाई, माझे वय ६१, राहणार सिंहगड रोड. तीन बाळंतपणे, तिन्ही नॉर्मल. नऊ वर्षांपासून डायबेटिस आहे. दोन वर्षे अंग बाहेर येत होते. संध्याकाळपर्यंत लिंबाएवढा गोळा हाताला लागायचा आणि तो बोटाने आत ढकलल्याशिवाय लघवी पूर्ण होत नसे. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावरही १८० मिली शिल्लक राहते असे आले. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी रिंग बसवली. गोळा गेला, लघवी धारेने होऊ लागली, पण आता खोकले, शिंकले किंवा बसची पायरी चढले की थोडी लघवी होते. पूर्वी असे कधीच नव्हते. रिंगमुळे काही बिघडले का? जाऊबाई म्हणतात, एकदाची पिशवी काढून टाक, म्हणजे दोन्ही कटकटी मिटतील. ऑपरेशनने गळती खरेच थांबते का? आणि आषाढात मला पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चालायचे आहे. रिंग ठेवून चालता येईल का?*

ताई, रिंगमुळे तुमचे काहीही बिघडलेले नाही. जी गळती आज दिसते आहे तिचे कारण शरीरात आधीपासूनच होते, फक्त ते झाकले गेले होते. ते कसे, हे आधी नीट समजून घ्या, कारण शस्त्रक्रियेबद्दलच्या तुमच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे.

मूत्राशय योनिमार्गाच्या पुढच्या भिंतीवर विसावलेले असते, आणि ती भिंत व गर्भाशय यांना वरून बंधांचा आणि खालून स्नायूंचा आधार असतो. बाळंतपणात हा आधार ताणला किंवा फाटला जातो आणि पाळी गेल्यानंतर तो आणखी सैल पडतो. मग पुढची भिंत मूत्राशयाला घेऊन खाली घसरते. तुमच्या हाताला लागणारा गोळा बहुधा हाच होता. स्त्रिया त्याला सरसकट ‘पिशवी बाहेर आली’ म्हणतात, पण पुष्कळदा बाहेर येते ती गर्भपिशवी नसून मूत्राशयाचा फुगवटा असतो, किंवा दोन्ही एकत्र असतात. मूत्रमार्गाचा वरचा भाग मात्र जघनास्थीच्या मागे बऱ्यापैकी जागेवर राहतो. त्यामुळे मूत्राशय खाली लोंबले की बागेतल्या पाइपला मुरड पडावी तशी मूत्रमार्गाला मुरड पडते आणि लघवी अडते. धार बारीक होते, थांबून थांबून येते, उठल्यावर पुन्हा जावेसे वाटते आणि शेवटी बोटाने गोळा वर ढकलावा लागतो. बोटाने तुम्ही ती मुरडच सोडवत होता.

आता दुसरी बाजू पाहा. ज्या बाळंतपणांनी मूत्राशयाचा आधार सैल केला, त्यांनीच मूत्रमार्गाखालची झोळीही सैल केली असण्याची शक्यता बरीच असते. ही झोळी घट्ट असेल तर खोकताना पोटातला दाब वाढला तरी मूत्रमार्ग तिच्यावर दाबला जाऊन बंद राहतो. ती सैल असेल तर खोकल्याबरोबर लघवी निसटते. पण मूत्रमार्गाला मुरड पडलेली असताना तीच मुरड बुचासारखी काम करते, आणि बाईला वाटते की आपल्याला गळतीचा त्रासच नाही. रिंगने भिंत वर उचलली, मुरड सुटली, लघवी मोकळी झाली आणि बूचही निघाले. तुमच्या बाबतीत नेमके हेच घडले असावे. आम्ही याला झाकलेली गळती म्हणतो. हे सांगताना मला एका गोष्टीचे बरे वाटते की, ही गळती तुम्हाला रिंग असताना कळली, शस्त्रक्रियेनंतर नव्हे. रिंग आवडली नाही तर काढता येते. शस्त्रक्रियेनंतर महिन्याभराने गळती सुरू झाली की बाईला फसवल्यासारखे वाटते, आणि आधी तपासून सांगितले नसेल तर तिचे ते वाटणे रास्तच असते.

म्हणून पेसरी, म्हणजे तुमची रिंग, ही मी शस्त्रक्रियेची रंगीत तालीम मानते. ती बसवल्यावर जे घडते, साधारण तेच अवयव टाके घालून वर बसवल्यावर घडण्याची शक्यता असते. या तालमीतून तुमच्याबद्दल काय काय कळू शकते, ते एकेक करून पाहू.

पहिला प्रश्न शिल्लक लघवीचा. १८० मिली हा आकडा रिंगपूर्वीचा आहे, आता तो पुन्हा मोजायला हवा. मोजण्याची पद्धत इथे महत्त्वाची आहे. सोनोग्राफी केंद्रात बायकांना लिटर-दीड लिटर पाणी पाजून, अगदी असह्य होईपर्यंत बसवून ठेवतात. इतके ताणलेले मूत्राशय एका वेळी पूर्ण आकुंचन पावत नाही आणि निरोगी बाईतही लघवी शिल्लक असल्याचे दिसते. तेव्हा नेहमीसारखी लघवीची भावना होईपर्यंत थांबा, रिंग आत असताना, घाई न करता, पाय जमिनीला टेकवून बसून लघवी करा आणि दहा-पंधरा मिनिटांच्या आत मोजून घ्या. आकडा १०० मिलीच्या खाली आला तर तुमचा अडथळा हा केवळ मुरडीचा होता असे मानायला चांगला आधार मिळतो, आणि शस्त्रक्रियेने अवयव जागेवर बसवले तर लघवी पूर्ण होण्याची तक्रार मिटेल असे बऱ्याच खात्रीने सांगता येते.

पण आकडा दोनदा मोजूनही १५०-२०० मिलीच राहिला तर? तुम्हाला नऊ वर्षांचा मधुमेह आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते. मधुमेहात मूत्राशयाच्या मज्जातंतूंना इजा होऊन त्याचा स्नायू दुबळा होऊ शकतो. मूत्राशय भरल्याची जाणीव उशिरा होते आणि ते पिळून रिकामे करण्याची ताकद कमी होते. हा दोष मुरडीचा नाही, पंपाचा आहे. तो असेल तर भिंत कितीही सुबक शिवली तरी लघवी पूर्ण होणार नाही, आणि वर गळतीसाठी मूत्रमार्गाखाली पट्टी घातली तर लघवी साफ अडण्याचा धोका वाढतो. अशा वेळी युरोडायनॅमिक तपासणी करून घ्यावी. तीत बारीक नळीने मूत्राशय हळूहळू भरतात आणि लघवी करताना आतला दाब व धार दोन्ही मोजतात. दाब भरपूर पण धार कमी असेल तर वाटेत अडथळा आहे, दाबच कमी असेल तर स्नायू दुबळा आहे. सर्वांना ही तपासणी लागत नाही. रिंगने लघवी मोकळी झाली, शिल्लक कमी आली आणि गळती फक्त खोकल्या-शिंकल्याचीच असेल, तर तिच्याशिवायही निर्णय घेता येतो.

दुसरा प्रश्न गळती नेमकी कोणत्या जातीची आहे, हा. तपासणीच्या खोलीत हे फार साधेपणाने कळते. मूत्राशय बऱ्यापैकी भरलेले, रिंग आत, बाई उभी, पाय किंचित फाकलेले, खाली कागदी टॉवेल, आणि तिला जोरात खोकायला सांगायचे. खोकल्याच्या त्याच क्षणी पिचकारी उडून लगेच थांबली तर झोळी सैल आहे. खोकला झाला, चार-पाच सेकंद काहीच झाले नाही आणि मग धार सुरू होऊन थांबेना, तर खोकल्याने मूत्राशय चाळवून ते स्वतःच आकुंचन पावले आहे. दोन्ही वेळा बाई ‘खोकले की होते’ असेच सांगते, पण उपचार पूर्ण वेगळे. पहिलीला पट्टीच्या शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. दुसरीला होत नाही, उलट तिची घाई वाढू शकते. तिच्यासाठी लघवी धरण्याची वेळ हळूहळू वाढवण्याचा सराव आणि गोळ्या आहेत. तुमच्या वर्णनावरून, बसची पायरी चढताना थोडी होते यावरून, पहिली जात वाटते, पण चाचणीशिवाय शिक्का मारू नये.

घरी एक काम करा. एक जुना मापाचा मग घेऊन तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी मोजा आणि वहीत वेळ, मिली, केव्हा गळली आणि तेव्हा काय करत होता, ते लिहा. सोबत काय व किती प्यायलात तेही टिपा. मधुमेहाच्या काही गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यांनी लघवीचे प्रमाणच वाढते आणि योनिमार्गात बुरशीचा संसर्गही होऊ शकतो. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही त्यांतली नेहमी दिली जाणारी नावे. चिठ्ठीत ती असतील तर आपणहून बंद करू नका, पण गळतीबद्दल मधुमेहाच्या डॉक्टरांना जरूर सांगा. लघवीची साधी तपासणी करून जंतुसंसर्ग नाही ना, हेही पाहून घ्यावे.

आता जाऊबाईंच्या सल्ल्याकडे येते. त्या आपुलकीने सांगत आहेत, पण त्या सल्ल्यात दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत. नुसती गर्भपिशवी काढणे ही अंग बाहेर येण्यावरची दुरुस्ती नव्हे. पिशवी हा लोंबणारा अवयव आहे, सैल झालेला आहे तो तिला धरणारा आधार. पिशवी काढून योनिमार्गाचे वरचे टोक पुन्हा बंधांना टाक्यांनी टांगले नाही तर काही वर्षांनी ते टोकच खाली येते, आणि मग बाई म्हणते, ‘पिशवी काढली तरी पिशवी बाहेर आली.’ म्हणून शस्त्रक्रियेची चर्चा करताना डॉक्टरांना थेट विचारा की वरचे टोक कशाला बांधणार आहात. माकडहाडाजवळच्या भक्कम बंधाला किंवा गर्भाशयामागच्या बंधांना, असे नेमके उत्तर मिळायला हवे. पिशवी निरोगी असेल तर ती न काढताही वर टांगता येते. या बाबतीत मुंबईच्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांचे नाव घ्यावे लागेल. गर्भमुखाच्या टाक्यासाठी ते जगभर ओळखले जातात, पण तरुण स्त्रियांची पिशवी वाचवून ती वर बांधण्याची त्यांची शस्त्रक्रियाही आमच्या विषयात शिकवली जाते.

त्यातली दुसरी गोष्ट गळतीची. पुढची भिंत शिवल्याने लघवी मोकळी होईल, पण खोकल्याची गळती त्याच टाक्यांनी थांबेल असे धरून चालू नका. ती थांबवायची तर मूत्रमार्गाच्या मध्याखाली साधारण एक सेंटिमीटर रुंदीची जाळीची पट्टी घालणे, किंवा स्वतःच्या शरीरातील पडद्याची पट्टी वापरणे, किंवा मूत्राशयाच्या मानेशेजारची भिंत टाक्यांनी वर बांधणे, यांपैकी वेगळे काही करावे लागते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत, आधी खोकल्याच्या गळतीची तक्रार नसलेल्या स्त्रियांवर अंग बाहेर येण्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी न घातलेल्यांपैकी ४३ टक्क्यांना एका वर्षाने गळतीचा त्रास होता, पट्टी घातलेल्यांपैकी २७ टक्क्यांना. ज्यांना भिंत वर धरून खोकायला लावल्यावर गळले होते, त्यांच्यात सुरुवातीच्या महिन्यांत हा फरक आणखी ठळक होता. पण पट्टीची किंमतही होती. मूत्राशयाला छिद्र पडणे, लघवीचा जंतुसंसर्ग आणि लघवी अपुरी होणे हे प्रकार पट्टीच्या गटात अधिक आढळले.

जाळीबद्दल इथेच खुलासा करते. अंग बाहेर येण्यासाठी योनिमार्गातून घालायच्या मोठ्या जाळीची विक्री अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये थांबवली. मूत्रमार्गाखालची अरुंद पट्टी ही वेगळी वस्तू आहे आणि तिचा अनुभव बराच दीर्घ आहे, पण तीही जाळीच असल्याने क्वचित उघडी पडते किंवा दुखते. हे तुम्हाला आधी सांगितले गेले पाहिजे आणि तुम्ही नकारही देऊ शकता.

तुमच्या जागी मी कसा विचार करीन ते सांगते. समजा शिल्लक ४०-५० मिली आली, खोकल्याची चाचणी पहिल्या जातीची निघाली आणि तुम्ही शस्त्रक्रिया ठरवली. मग दोन रस्ते आहेत. एकाच भुलेत भिंत, टोक आणि पट्टी, तिन्ही. किंवा आधी फक्त भिंत आणि टोक, नंतर तीन महिने थांबून गळती खरोखर किती जाचते ते पाहणे आणि गरज वाटली तरच पट्टी. आठवड्यात चार थेंब पडत असतील तर मी दुसरा रस्ता सुचवते, कारण काही जणींना पट्टीची गरजच पडत नाही. दिवसाला दोन पॅड लागत असतील आणि पुन्हा भूल घेण्याची तयारी नसेल तर पहिला. मधुमेह मात्र आधी आवरायला हवा. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ८ च्या वर असेल तर टाके भरण्यात आणि संसर्गात अडचणी येतात, म्हणून घाईची नसलेली ही शस्त्रक्रिया थोडी पुढे ढकललेली बरी. शस्त्रक्रियेनंतर नळी काढताना मूत्राशयात ३०० मिली सलाइन भरून लघवी करायला लावतात. २०० मिली तरी बाहेर आले तर नळीशिवाय घरी. नाही आले तर काही दिवस पुन्हा नळी, आणि बहुतेकींचे तेवढ्यात जमते.

शस्त्रक्रिया न करता रिंगवरच राहणे हाही पूर्ण उपचार आहे, तात्पुरती सोय नव्हे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील चाचणीत दोन वर्षांनी पेसरीने सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ७६ टक्के आणि शस्त्रक्रियेने सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ८१ टक्के स्त्रियांनी बरे वाटत असल्याचे सांगितले. मात्र पेसरीच्या गटातील निम्म्याहून थोड्या अधिक जणींनी त्या काळात शस्त्रक्रिया करून घेतली होती, हेही त्याच वाक्यात सांगितले पाहिजे. तुमच्या गळतीसाठी रिंग बदलूनही पाहता येईल. एका बाजूला बोंडासारखा उंचवटा असलेली रिंग मिळते. तो उंचवटा पुढे, मूत्रमार्गाखाली येईल अशी बसवली की खोकताना तो त्याला टेकू देतो. शस्त्रक्रियेआधी हा प्रयोग करावा असे माझे मत आहे. सोबत तळाच्या स्नायूंचा व्यायाम हवा. लघवी आणि वारा दोन्ही धरल्यासारखे आत-वर खेचायचे, श्वास न रोखता जमेल तितके सेकंद धरायचे आणि पूर्ण सोडायचे. असे आठ वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. लघवी करताना मध्येच धार थांबवून हा व्यायाम करू नका, त्याने लघवी शिल्लक राहण्याची सवय लागते.

रिंगची निगा हा विषय दुर्लक्षाने बिघडतो. रिंग बसली आणि बरे वाटले, म्हणून चार वर्षे परत न आलेली सत्तरीतली एक आजी मला आठवते. रक्तमिश्रित, दुर्गंधी स्राव घेऊन त्या आल्या तेव्हा रिंग योनिमार्गाच्या भिंतीत अर्धी रुतली होती आणि ती काढायला भूल द्यावी लागली. अशा विसरलेल्या रिंगमुळे क्वचित मूत्राशयापर्यंत छिद्रही पडते. त्यांना कोणीही दोष देऊ नये, परत कधी यायचे ते त्यांच्या कागदावर कोणी लिहिलेच नव्हते. तुम्ही रिंग स्वतः काढायला आणि घालायला शिका. एक पाय स्टुलावर ठेवून, बोट कडेत अडकवून, घडी करून खाली ओढायची. आठवड्यातून एकदा रात्री काढून साध्या साबणाने धुवा आणि सकाळी बसवा. हे जमत नसेल तर दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांकडून काढून, भिंत पाहून, पुन्हा बसवून घ्या. पाळी गेल्यानंतर भिंत पातळ होते, म्हणून आठवड्यातून दोनदा अगदी थोडे इस्ट्रोजेन मलम आत लावायला सांगतात. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर ते लावण्याआधी कर्करोगतज्ज्ञांना विचारणे आवश्यक आहे. रक्तस्राव, दुर्गंधी किंवा लघवी अडणे यांपैकी काहीही झाले तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.

पालखीबरोबर जरूर चाला. योग्य मापाची रिंग चालताना जाणवत नाही. जाणवली, टोचली किंवा खाली सरकली तर माप चुकले आहे. रिंगची कड आणि योनिमार्गाची भिंत यांच्यामध्ये एक बोट सहज फिरावे आणि उकिडवे बसून कुंथल्यावर ती बाहेर पडू नये, हे माप. म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी तपासून घ्या आणि पर्वतीच्या पायऱ्या दोन-तीनदा चढून उतरून पाहा. चढण्यापेक्षा उतरताना आणि शिंकताना गळते का, ते टिपा. वाटेत शौचालय मिळणार नाही या भीतीने बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मधुमेहात हे धोक्याचे आहे, शिवाय गडद लघवीने मूत्राशय अधिकच चाळवते. घोट घोट पाणी पीत राहा, जिथे सोय दिसेल तिथे भावना नसली तरी लघवी करून घ्या, आणि कापडाच्या घडीऐवजी लघवीसाठीचे पॅड वापरा. मासिक पाळीचे पॅड लघवी नीट शोषत नाहीत आणि दिवे घाटाच्या चढाला मांड्या सोलून निघतात. पिशवी खांद्यावर घ्या, डोक्यावर ओझे नको. तीन दिवसांची वही आणि १८० मिलीचा तो जुना अहवाल घेऊन आधी तुमच्या डॉक्टरांकडे जा, आणि खोकल्याची चाचणी रिंग आत असतानाच करून मागा.